रिटर्न भाडं कसं शोधायचं आणि कोणतं सोडून द्यायचं: दोन-चार गाड्यांच्या नवीन मालकांसाठी

नवीन गाडी घेतलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, जायचं भाडं मिळतंय पण येताना गाडी रिकामी येते, काय करू. आणि त्याला मिळणारं उत्तरही ठरलेलं, ब्रोकरला फोन कर, ॲप टाक, मिळेल ते भर. यातलं शेवटचं, मिळेल ते भर, हे मला पटत नाही, कारण चुकीचं रिटर्न भाडं भरलं तर रिकामं येण्यापेक्षा जास्त नुकसान होतं आणि ते लगेच दिसतही नाही, महिन्याच्या शेवटी गाडीच्या फेऱ्या कमी का झाल्या म्हणून बघायला बसलं की कळतं. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. हिशोब सगळा डिझेलच्या लिटरमध्ये केलाय, म्हणजे भाडं, खर्च, कमिशन, सगळं किती लिटर डिझेलच्या किमतीएवढं ते, तुमच्याकडचा दर टाकून तुम्ही पैसे काढा.

आधी एक समजून घ्या. गाडी रिकामी येते याचं कारण बहुतेक वेळा तुमचा आळस नसतो, मालाचा ओढाच एका बाजूला असतो. कारखान्यांच्या भागातून तयार माल बाहेर जातो, पण जिथे जातो तिथे नुसती खाणारी-वापरणारी वस्ती असेल तर परत पाठवायला तिथे काही नसतं. बंदरं, खाणी, शेतमालाचे भाग, सगळीकडे हेच, एक दिशा भरलेली आणि एक ओस. युरोपियन युनियनमधे सुद्धा मालवाहू गाड्यांच्या एकूण किलोमीटरपैकी साधारण पाचातला एक रिकामा जातो, आणि तिथे लोड बघायच्या सोयी भरपूर आहेत. त्यामुळे शून्य रिकामे किलोमीटर हे टार्गेट ठेवू नका. आणि ओस दिशेचा दर भरलेल्या दिशेपेक्षा कमीच असणार कारण तिथे रिकाम्या गाड्या जास्त आणि माल कमी, तर जाताना एवढं मिळालं मग येताना पण तेवढंच पाहिजे असं धरून बसलात तर गाडी तिथेच उभी राहील.

पहिलं काम: एक महिना नुसतं लिहून काढा

प्रत्येक फेरीला चार गोष्टी लिहायच्या, भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, गाडी कुठे किती तास उभी होती, आणि घरी पोचल्यावर पुढचं लोडिंग किती वेळाने लागलं. चौथी गोष्ट कोणीच लिहीत नाही आणि सगळा निर्णय तिच्यावरच आहे, ते पुढे हिशोबात दिसेलच. रिकामे किलोमीटर म्हणजे फक्त परतीचे नाहीत बरं का, माल उतरवून दुसरीकडे भरायला गेलात ते तीस-चाळीस किलोमीटर पण त्यातच धरायचे, आणि रिटर्न माल उतरवून घरी आलात ते पण. बरेच जण म्हणतात आमची गाडी रिकामी येतच नाही आणि लिहून काढलं की असे तुकडे तुकडे मिळून बराच मोठा आकडा निघतो.

दुसरं: हिशोब, खरा निर्णय इथेच होतो

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. गाडी घरून ४०० किलोमीटरवर माल उतरवते. भरलेली ॲव्हरेज ४, रिकामी ५. जायचं भाडं ३०० लिटरएवढं. जायला १०० लिटर जळतात, रिकामी यायला ८०, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता मिळून ४० लिटरएवढे. म्हणजे ३०० मधून २२० गेले, हातात ८० राहिले. लोडिंग, प्रवास, अनलोडिंग, झोप, परत येणं सगळं धरून ३० तास लागतात. ८० भागिले ३० म्हणजे तासाला साधारण २.७ लिटर. हा आकडा लक्षात ठेवा, गाडी नुसती रिकामी परत आली तरी एवढं कमावते.

आता माल उतरला आणि दोन भाडी समोर आहेत.

पहिलं भाडं १३० लिटरचं. माल ३० किलोमीटरवर भरायचा, ३४० किलोमीटर न्यायचा, आणि उतरवल्यावर घर अजून ६० किलोमीटर. डिझेल बघा, ३० रिकामे म्हणजे ६ लिटर, ३४० भरलेले म्हणजे ८५, शेवटचे ६० रिकामे म्हणजे १२, एकूण १०३. रिकामी आली असती तरी ८० जळलेच असते, म्हणून या भाड्याचा जादा खर्च फक्त २३ लिटर. कमिशन आणि हमाली १५ धरा. १३० मधून ३८ गेले, ९२ राहिले. वेळ मात्र लोडिंगचे पाच तास, अनलोडिंगचे तीन आणि जास्तीच्या अंतराचा एक असे नऊ तास वाढले.

दुसरं भाडं १९० लिटरचं, थेट घरापर्यंत, आणि भरायची जागा पाचच किलोमीटरवर. ऐकायला एकदम भारी. पण माल उद्या दुपारी मिळणार, म्हणजे थांबणं आणि लोडिंग मिळून २६ तास आणि घरी अनलोडिंगचे तीन, एकूण २९ तास जादा. डिझेल १०१ म्हणजे जादाचे २१, कमिशन-हमाली २०, ड्रायव्हरचा एक दिवसाचा भत्ता वाढला त्याचे १०. राहिले १३९.

९२ आणि १३९ समोरासमोर ठेवले तर कोणीही दुसरंच घेईल. पण पूर्ण फेरीचा हिशोब करा. पहिल्या भाड्यात जायचे ८० आणि यायचे ९२ मिळून १७२, वेळ ३९ तास, तासाला ४.४. दुसऱ्यात २१९, वेळ ५९ तास, तासाला ३.७. म्हणजे घरी पुढचं लोडिंग तयार असेल तर कमी दराचं पहिलं भाडंच जास्त कमावून देतं कारण गाडी वीस तास आधी मोकळी होते. आणि घरी दोन दिवस कामच नसेल तर उलट, ते वीस तास तसेही अंगणात उभं राहण्यात जाणार होते, मग दुसरंच घ्या. म्हणून रिटर्न भाड्याचा फोन आला की आधी घरच्या पार्टीला फोन करायचा, पुढचं लोडिंग कधी आहे ते पक्कं विचारायचं आणि मग ब्रोकरला हो-नाही सांगायचं. याच कारणासाठी ती चौथी गोष्ट लिहायला सांगितली.

यातूनच किमान दर निघतो, ज्याच्या खाली रिकामं येणंच बरं. जादा डिझेल अधिक कमिशन-हमाली, ड्रायव्हरचा भत्ता वाढत असेल तर तो, अधिक जादा तास गुणिले तुमचा तासाचा आकडा. पहिल्या भाड्याला २३ अधिक १५ अधिक नऊ तासांचे २४, म्हणजे ६२ लिटर. घरी माल तयार असताना कोणी ५० लिटरला बोलला तर सरळ नको म्हणायचं, आणि घरी काम नसेल तर तासांचे पैसे काढून टाका, मग ३८ च्या वर जे मिळेल ते चालेल. टायरची झीज आणि मेंटेनन्स मी यात वेगळा धरला नाही, रस्ता खराब असेल किंवा वजन जास्त असेल तर थोडं वर ठेवा. हा आकडा ड्रायव्हर गेटवर उभा असताना काढायचा नाही, फेरी ठरली की आदल्या रात्रीच काढून ठेवायचा, नाहीतर ब्रोकर घाई करतो आणि आपण हो म्हणून बसतो.

अजून एक, रिटर्न नेहमी मिळायला लागलं की जायच्या भाड्यात सूट द्यायचा मोह होतो. पार्टी पण हुशार असते, तुम्हाला येताना मिळतंच की म्हणते. जायचा दर एकदा पाडला की तो वर येत नाही, आणि रिटर्न मात्र सीझन संपला की बंद होतं. जायच्या भाड्यातच रिकाम्या परतीचा खर्च निघाला पाहिजे, निदान जिथे परतीचं पक्कं नाही तिथे तरी.

तिसरं: माल शोधायचा कुठे, आणि कोणत्या क्रमाने

बहुतेक जण ॲपपासून सुरू करतात. मी ॲप शेवटी ठेवतो.

सगळ्यात आधी जायच्या पार्टीलाच विचारा. त्यांचा माल जिथे जातो तिथून त्यांच्याकडे काहीतरी परत येतच असतं, रिकामे क्रेट, पॅलेट, ड्रम, रिजेक्ट झालेला माल, पॅकिंग मटेरियल, कधी कच्चा माल. हे सगळं कोणीतरी वेगळी गाडी लावून आणत असतं आणि ते काम बघणारा माणूस खरेदी खात्यात बसतो, तुम्हाला भाडं देणारा डिस्पॅचमधे, दोघांचं एकमेकांशी बोलणं असतंच असं नाही. डिस्पॅचवाल्याला नुसतं एवढं विचारा की तुमच्याकडे त्या बाजूने कोणाच्या गाड्या माल घेऊन येतात. दर फार मिळणार नाही, पण पार्टी ओळखीची, पैसे त्याच बिलात, आणि उतरवायची जागा घराशेजारची, म्हणजे शेवटचे रिकामे किलोमीटर जवळजवळ शून्य.

मग माल उतरतो त्या जागेच्या आजूबाजूला बघा. ड्रायव्हरला सांगा, अनलोडिंगला नंबर लागेपर्यंत जे तास जातात त्यात शेजारच्या गेटवर कोणत्या गाड्या भरून बाहेर पडतायत ते बघ, पाट्यांचे फोटो पाठव, जमलं तर सिक्युरिटीवाल्याला विचार की गाड्या कोण लावतं. दोन-तीन फेऱ्यांत तुमच्याकडे त्या भागाची चांगली यादी तयार होते. फोन मात्र तुम्ही करा, ड्रायव्हरवर दराचं बोलणं टाकू नका. आणि त्यांना आजच्या आज माल द्या असं म्हणू नका, आमची गाडी दर आठवड्याला अमुक दिवशी तुमच्या शेजारी रिकामी होते असं सांगा. ज्याला गाडी लागते त्याच्यासाठी तो ठरलेला दिवस फार कामाचा असतो.

तिसरी जागा म्हणजे तुमच्याच भागात बाहेरून येणाऱ्या गाड्या. तिकडून माल घेऊन येणारा आणि इथून रिकामा जाणारा एखादा छोटा गाडीवाला नक्की असतो, त्याचा प्रॉब्लेम तुमच्या बरोबर उलटा. त्याच्या बाजूची त्याला झेपत नसलेली भाडी तुम्ही घ्या, तुमच्या बाजूची त्याला द्या. पण बोलून मोकळं होऊ नका, तीन गोष्टी लिहून ठेवा, कमिशन किती, पैसे पार्टीकडून कोणी वसूल करायचे आणि कधी पोचवायचे, आणि एकमेकांच्या पार्टीला थेट गाठायचं नाही. या तिसऱ्या मुद्द्यावरून चांगल्या जोड्या तुटतात.

यानंतर त्या भागातले दोन-तीन भरवशाचे ब्रोकर, आणि मग लोड बोर्ड, ॲप. लोड बोर्डची कल्पना जुनी आहे, अमेरिकेत १९७८ मधे पोर्टलंडच्या एका ट्रक स्टॉपवर डायल-अ-ट्रक नावाने सुरू झालं तेव्हा तिथल्या स्क्रीनवर भाडी दाखवायचे, तेच पुढे डॅट म्हणून इंटरनेटवर आलं. सोय मोठी आहे, पण बोर्डवर जो माल दिसतो तो बऱ्याचदा ब्रोकरकडच्या नेहमीच्या गाड्यांनी सोडलेला असतो, आणि तो बघणारे तुमच्यासारखे खूप जण असतात. म्हणून बोर्डचा उपयोग मी भाडं पकडण्याइतकाच त्या रस्त्यावरचा चालू दर कळायला करतो, दोन आठवडे रोज बघितलं की कोणत्या दिवशी माल निघतो आणि कधी दर पडतो ते आपोआप समजतं.

चौथं: फोन कधी करायचा आणि काय सांगायचं

गाडी घरून निघायच्या आदल्या दिवशी. रिकामी झाल्यावर केलेला फोन म्हणजे समोरच्याला कळतं की हा अडकलाय, आणि दर तिथेच पडतो. मेसेज असा पाठवा की समोरच्याला परत काही विचारावं लागणार नाही:

"उद्या दुपारी ३ पर्यंत अमुक ठिकाणी गाडी रिकामी होते. बंद बॉडी, २० फूट, ७ टन पास. संध्याकाळी ७ पर्यंत भरून निघायला पाहिजे. अमुक दिशेला, रस्त्यापासून ४० किमी आतबाहेर चालेल. केमिकल, उग्र वासाचा माल नको."

यातलं संध्याकाळी ७ पर्यंत हे सगळ्यात महत्त्वाचं. ही वेळ घरच्या पुढच्या लोडिंगवरून उलटी मोजून काढायची. घरी सकाळी ९ ला गाडी लावायची असेल, तर परतीचा प्रवास, मधलं अनलोडिंग आणि ड्रायव्हरची पूर्ण झोप वजा करत मागे या. झोप वजा केल्यावर वेळ बसत नसेल तर ते भाडं नाहीच, ते सोडा. ड्रायव्हरला पण ही वेळ सांगून ठेवा, सातला लोडिंग सुरूच झालं नसेल तर फोन करायचा आणि तुम्ही ठरवायचं, त्याने तिथे रात्रभर वाट बघत बसायचं नाही. लोडिंगला उशीर झाला तर गाडी उभी ठेवल्याचे पैसे, म्हणजे हॉल्टिंग, किती तासांनी सुरू आणि किती, हे भाडं ठरतानाच बोलून मेसेजवर घ्या, नंतर कोणी देत नाही.

पाचवं: हो म्हणायच्या आधी

परतीच्या भाड्यात फसवणूक जास्त होते कारण गाव अनोळखी, घाई तुमची, आणि समोरचा फक्त एक फोन नंबर. सगळ्यात साधा प्रकार, गाडी बुकिंगसाठी आधी डिपॉझिट पाठवा. माल देणारा गाडीवाल्याकडून पैसे मागत नाही, तिथेच फोन ठेवा. दुसरा प्रकार जास्त घातक, एक ब्रोकर दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला भाडं विकतो, माल पोचतो आणि मधला एकजण पैसे घेऊन गायब होतो, माल देणारा म्हणतो आम्ही तर पैसे दिले. ओळखायचं कसं? दर चालू भावापेक्षा बराच जास्त असतो, माल देणाऱ्याचं नाव विचारलं की टाळाटाळ होते, किंवा सांगितलेलं नाव आणि लोडिंगच्या ठिकाणी कागदावर असलेलं नाव वेगळं निघतं, आणि गेटवर दुसऱ्याच ट्रान्सपोर्टचं नाव सांगा म्हणतात. हे शेवटचं ऐकलंत की गाडी आत घालू नका. माल देणाऱ्या कंपनीचा नंबर ब्रोकरकडून न घेता स्वतः शोधून फोन करा आणि विचारा की हे लोडिंग तुमचं आहे का आणि कोणाला दिलंय. पाच मिनिटांचं काम आहे. निम्म्याहून जास्त भाडं गाडी निघायच्या आधी आणि उरलेलं पोच मिळाल्यावर, अनोळखी पार्टीला याच्यापेक्षा सैल सोडू नका.

मालाचं पण बघा. रिटर्नला खत किंवा उग्र केमिकल भरलं आणि सकाळी घरच्या पार्टीचा खायचा माल लावायचा असेल, तर वास दोन-दोन दिवस जात नाही आणि चांगली पार्टी तुमची गाडी गेटवरूनच परत पाठवते. धुवायला आणि वाळायला लागणारे तास किमान दराच्या हिशोबात घाला, बऱ्याचदा भाडं तिथेच बाद होतं. भंगार, लोखंड भरलं तर फळीत खिळे, पत्र्याचे तुकडे राहतात आणि पुढच्या पोत्यांना भोकं पडतात, झाडून, फोटो काढूनच पुढे लावा. तुमच्या विम्यात तो मालाचा प्रकार बसतो का ते पण विचारून घ्या. आणि घरच्या पार्टीशी करार असेल तर एकदा नीट वाचा, काही करारांत गाडी परत येईपर्यंत दुसऱ्याचा माल भरायचा नाही अशी अट असते, आणि दर ठरवताना परतीचे पैसे त्यात धरलेले असतात.

परतीचा माल दुसऱ्या देशात भरायचा असेल तर तिथला कायदा आधी बघा, बाहेरच्या गाडीला आतल्या आत माल न्यायला बहुतेक ठिकाणी बंदी किंवा मर्यादा असते. युरोपियन युनियनमधे मालासहित आत आलेल्या बाहेरच्या गाडीला अनलोडिंगनंतर ७ दिवसांत अशा ३ च फेऱ्या करता येतात.

थेट परतीचं नसेल तेव्हा

सरळ घराकडचा माल नसेल तर तिसऱ्या गावाचा विचार करा. माल उतरवलेल्या ठिकाणाहून बाजूच्या एखाद्या गावाला भाडं मिळतं आणि त्या गावातून तुमच्या घराकडे मालाचा ओढा असतो, असा त्रिकोण बऱ्याच भागांत निघतो. किलोमीटर वाढतात, पण भरलेले वाढतात. हिशोब तोच, पूर्ण फेरीत उरलेले भागिले घरापासून घरापर्यंतचे तास, आणि वरच्या उदाहरणातल्या २.७ शी ताडून बघायचं. अट एकच, तिसऱ्या गावातून घरचं भाडं आधी पक्कं झालेलं पाहिजे. तिथे गेल्यावर बघू म्हणून निघालात तर गाडी घरापासून अजून लांब जाऊन रिकामी उभी राहते, आणि मग मिळेल त्या दराला भरण्याशिवाय गत्यंतर नसतं.

एखादं रिटर्न दोन-तीनदा नीट जमलं की त्या पार्टीला ठरलेल्या दिवसाची गाडी देऊ करा, थोडा कमी दर घेऊन सुद्धा, कारण लोडिंगचे पाच तास दोनवर आले तर वरच्या हिशोबात ३९ तासांचे ३६ होतात आणि दरात पंधरा लिटर सोडले तरी तासाचा आकडा ४.४ च्या आसपासच, जवळजवळ आहे तिथेच राहतो, आणि शोधाशोध वाचते ती वेगळी. त्या बदल्यात लोडिंगला आपली गाडी आधी घ्यायची एवढं मात्र त्यांच्याकडून मेसेजवर लिहून घ्या.